अर्जात ‘हेल्प’ चार वेळा आलं होतं, ते कसं काढलं

व्हॉलंटियर कामाच्या चार ओळी, चारही ‘हेल्प्ड’ने सुरू, म्हणून मी शब्द बदलत बसलो आणि सगळीकडे ‘फॅसिलिटेटेड’ टाकलं, भारी वाटतं ना! मैत्रिणीने वाचून विचारलं, म्हणजे तू नक्की काय केलंस? मग कळलं की आधी काम बघायचं, शब्द नंतर. वाचन गटात चर्चा मी चालवायचो, बोलायचे बाकीचे, तिथे फॅसिलिटेटेड बरोबर. नोंदणी टेबलावर मुख्य माणसाच्या हाताखाली होतो, तिथे ‘असिस्टेड विथ’. एकाच मुलाला वर्षभर शिकवलं, तिथे सपोर्टेडही पुळचट वाटलं, सरळ ‘टॉट’ लिहिलं. ‘एड’ हा पर्याय तर बादच केला, तो शब्द वाचला की पैसे नाहीतर मदतसामग्री डोळ्यासमोर येते आणि मी तसलं काही वाटप केलंच नव्हतं.