बाहेरून आलेले नवे मॅनेजर टीमची पद्धत मोडीत काढतात तेव्हा काय करावं

नवे मॅनेजर येतात आणि पहिल्याच आठवड्यात म्हणतात, "हे सगळं जुनाट आहे, बदला." अशा वेळी तोंडातून पटकन निघणारं वाक्य म्हणजे "आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं." नेमकं हेच बोलू नका. बाहेरून आलेल्या माणसाला त्यातून एकच ऐकू येतं, की या लोकांकडे कारण नाही, फक्त सवय आहे.

बैठकीत वाद घालू नका. नंतर दहा मिनिटं वेळ मागून घ्या आणि विचारा, "यात तुम्हाला नेमकं काय अडतंय? वरून तुमच्याकडे काय मागितलंय?" बाहेरून आणलेल्या मॅनेजरला बहुतेक वेळा कुठला तरी आकडा खाली आणायलाच नेमलेलं असतं. तो आकडा कळला की वाद पद्धतीवरून उद्दिष्टावर येतो, आणि उद्दिष्टाबद्दल सहसा दोघांचं एकमत असतं.

पुढचं सांगण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुरवठादारांची बिलं चुकती करणारी टीम आहे. नव्या मॅनेजर म्हणतात, बिल आल्यापासून आठवड्यात पैसे गेले पाहिजेत. टीमच्या तीन पद्धती त्यांना नकोत: प्रत्येक बिलाची छापील प्रत फाइलला लावणं, प्रत्येक बिलावर दोघांच्या सह्या, आणि पुरवठादाराने बँक खातं बदलल्याचं कळवलं की त्याला फोन करून खात्री करणं.

आता टीमने एकत्र बसून प्रत्येक पद्धतीपुढे लिहायचं: ही कुणी सुरू केली, काय घडल्यावर, आणि ते कारण आज उरलंय का? जुन्या सहकाऱ्यांना विचारा, जुने ईमेल उघडा. इथे पुरेसा वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्या उदाहरणात छापील प्रत ऑडिटरना लागायची, पण आता त्यांना स्कॅन केलेली प्रतही चालते. म्हणजे कारण संपलं. दोन सह्या एकाच बिलाचे पैसे दोनदा गेल्यावर सुरू झाल्या. कारण खरं आहे, पण लहानसहान बिलांनाही दोन सह्या कशाला, याचं उत्तर कुणाकडेच नाही. फोनमागचं कारण मात्र पक्कं आहे. पुरवठादाराच्या नावाने खोटा ईमेल पाठवून खातं बदलायला लावणं ही फसवणुकीची नेहमीची चाल आहे. म्हणून फोन ईमेलमधल्या नंबरवर करायचा नाही, आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवरच करायचा.

मग मोजा. मागच्या महिन्यातली 40 बिलं घ्या आणि प्रत्येकाची टप्प्याटप्प्याची तारीख लिहा. समजा सरासरी 11 दिवस निघाले. त्यातला 1 दिवस छपाई-फायलिंगला जातो, 4 दिवस दुसऱ्या सहीची वाट पाहण्यात. फोन करावा लागला फक्त 3 बिलांना, दर वेळी 1 दिवस. म्हणजे 40 बिलांच्या सरासरीत फोनमुळे दोन तासांचीही भर पडत नाही. खरा अडथळा सहीचा आहे.

आता प्रस्ताव तुम्हीच ठेवा, आणि सुरुवात सोडून देण्यापासून करा. छपाई बंद. दुसरी सही फक्त ठरावीक रकमेच्या वरच्या बिलांना. अशी मोठी बिलं 40 पैकी 10 असतील, तर सरासरीतले 3 दिवस वाचतात. 11 चे 7 होतात आणि मॅनेजरना हवा असलेला आठवडा साधतो. फोन तसाच राहतो. दोन गोष्टी स्वतःहून सोडल्यावर तिसरीसाठी धरलेला आग्रह हट्ट वाटत नाही.

बदल सहा आठवड्यांच्या चाचणीवर घ्या. दिवस किती लागले आणि पैसे दोनदा किंवा चुकीच्या ठिकाणी किती वेळा गेले, एवढंच मोजा. कुठल्या आकड्याला बदल मागे घ्यायचा हे आधीच लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

एक धोका सांगतो. चाचणीच्या काळात काही जण गुपचूप जुन्याच पद्धतीने काम करत राहतात. छपाई "बंद" होऊनही प्रिंटरचा कागद पूर्वीइतकाच संपत असेल, तर समजून जा. असे आकडे काहीच सिद्ध करत नाहीत, आणि मॅनेजरना ते कळलं तर टीमवरचा विश्वास तिथेच संपतो.

एवढं करूनही मॅनेजर म्हणाल्या, "फोनही बंद करा," तर त्याच दिवशी साधा ईमेल लिहा: "आज ठरल्याप्रमाणे खातेबदलाची फोनवरची पडताळणी सोमवारपासून थांबवतो आहोत. खोट्या ईमेलमुळे पैसे चुकीच्या खात्यात जाण्याची जोखीम यात आहे. कृपया दुजोरा द्यावा." असा लेखी दुजोरा देताना बरेच जण पुन्हा विचार करतात. त्यांनी तो दिलाच, तर हा विषय आता कामाच्या सवयींचा राहत नाही, कंपनीच्या पैशांच्या सुरक्षिततेचा होतो. तो अंतर्गत ऑडिटकडे किंवा वित्तप्रमुखांकडे न्या, पण न्यायच्या आधी मॅनेजरना तसं सांगा. छपाई किंवा सह्यांसाठी मात्र वर जाऊ नका. तो निर्णय घ्यायचा अधिकार त्यांचाच आहे.