शंभर कॉलनी म्हणजे लाख? आधी लूप बघा

नुकतेच डीएमएलटी किंवा बीएस्सी करून मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर बसलेल्यांसाठी लिहितेय. सीएलईडी आणि मॅकॉन्की म्हणजे काय, सॅम्पल मधल्या धारेचं का घ्यायचं, स्ट्रीक कसं करायचं, हे तुम्हाला येतंच. युरिन कल्चरमध्ये माझी फसगत यातल्या कशानेही झाली नाही, एका गुणाकाराने झाली. त्याचा त्रास माझ्याऐवजी एका गरोदर बाईला झाला. ते मला अजून बोचतं, म्हणून त्या एका गोष्टीवर जरा जास्तच बोलणार आहे.

मी शिकले त्या लॅबमध्ये सीनियरांनी पहिल्याच दिवशी एक वाक्य हातात दिलं होतं : "शंभर कॉलनी म्हणजे लाख, लाखाच्या वर सिग्निफिकंट." वाक्य खोटं नाही. पण त्यात लूपचा उल्लेखच नाही. ते फक्त १ मायक्रोलिटरच्या लूपसाठी खरं आहे आणि हे मला कोणी सांगितलं नाही. असली पाठ करायची वाक्यं नवीन माणसाला देऊ नयेत असं माझं ठाम मत झालंय. दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील, हिशोब शिकवा.

हिशोब असा. एका मिलिलिटरमध्ये १००० मायक्रोलिटर असतात. १ मायक्रोलिटरचा लूप लघवीचा हजारावा भाग प्लेटवर टाकतो, म्हणून मोजलेल्या कॉलनी गुणिले १०००. १० मायक्रोलिटरचा लूप शंभरावा भाग टाकतो, म्हणून गुणिले १००. येणारा आकडा सीएफयू प्रति मिलि. म्हणजे १ मायक्रोलिटरच्या प्लेटवर १०० कॉलनी असतील तर एक लाख, आणि १० च्या प्लेटवर त्याच १०० कॉलनी असतील तर फक्त दहा हजार. प्लेट दिसायला दोन्हीकडे सारखीच.

आता माझं प्रकरण. आमच्याकडे १ मायक्रोलिटरचे प्लास्टिकचे लूप संपले आणि स्टोअरमधून १० चं पाकीट आलं. मी पाकीट फोडलं, लूप स्टँडमध्ये उभे केले, पाकीट डस्टबिनमध्ये टाकलं आणि कामाला लागले. त्या आठवड्यात पाचव्या महिन्यातल्या एका बाईंचं सॅम्पल आलं. त्रास काही नव्हता, गरोदरपणातली नेहमीची तपासणी होती. मॅकॉन्कीवर गुलाबी, एकाच प्रकारच्या कॉलनी, मोजल्या तर १३०. मी रजिस्टरमध्ये १,३०,००० लिहिलं. इ. कोलाय, सिग्निफिकंट ग्रोथ. खरा आकडा १३,००० होता. लक्षणं नसलेल्या गरोदर बाईसाठी उंबरठा लाखाचा आहे. तेरा हजारांवर औषध सुरू करायचं नव्हतं, फार तर पुन्हा नीट सॅम्पल मागवायचं होतं. माझ्या रिपोर्टवर डॉक्टरांनी औषध दिलं.

हे पकडलं आमच्या मॅडमनी, आणि तेही ती एक प्लेट बघून नव्हे. आठवड्याचं रजिस्टर चाळताना त्यांना दिसलं की लाखाच्या वरचे रिपोर्ट एकदम वाढलेत आणि मिक्स्ड ग्रोथही वाढलीय. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, लूप कोणता वापरतेस?" मी म्हटलं, "निळा." त्या म्हणाल्या, "रंग नको सांगूस, आकडा सांग." मला सांगता येईना. मग स्टोअरमधलं दुसरं पाकीट काढून बघितलं तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांना फोन केला, सुधारित रिपोर्ट गेला. तोवर बाईंच्या पोटात तीन दिवसांच्या गोळ्या गेल्या होत्या.

म्हणून स्पष्ट सांगते, लूपच्या रंगावर अजिबात विसंबू नका. एका कंपनीचा निळा दुसऱ्या कंपनीच्या निळ्याइतकाच असेल असं नाही. पाकिटावरचं माप वाचा, ते त्या दिवसाच्या पानावर सर्वांत वर लिहा आणि प्लेटच्या पाठीवर नंबरच्या शेजारी १ किंवा १० टाका. दुसऱ्या दिवशी प्लेट वाचणारी मुलगी वेगळी असते. तिला हा आकडा दिसलाच पाहिजे.

नवीन पाकीट आल्यावर शंका असेल तर एक सोपी खात्री करता येते. इ. कोलायच्या कंट्रोल स्ट्रेनचं ०.५ मॅकफारलंडचं सस्पेन्शन साधारण पंधरा कोटी प्रति मिलि धरतात. ते सलाइनमध्ये दहा हजारपट पातळ केलं की साधारण पंधरा हजार उरतात. त्याच नळीतून दोन्ही लूपनी प्लेट लावा. १ च्या लूपवर पंधराच्या आसपास आणि १० च्या लूपवर दीडशेच्या आसपास कॉलनी यायला हव्यात. नेमका आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दोन प्लेटमधलं दहापटीचं अंतर दिसलं पाहिजे. वायरचा लूप वापरत असाल तर ही तपासणी अधूनमधून कराच, कारण जाळून जाळून त्याचा गोल वाकडा होतो आणि माप बदलतं.

हाताची सवयही इथेच सांगते. सॅम्पल हलक्या हाताने एकजीव करा, फेस आणू नका. लूप उभा धरून पृष्ठभागाच्या जेमतेम खाली बुडवा आणि उभाच वर काढा. गोलात पातळ पडदा धरलेला दिसला पाहिजे. तिरका धरला किंवा खोल बुडवला की दांडीला लघवी चिकटते आणि ती ओघळून प्लेटवर येते. मग एकच्या लूपने किती टाकलं ते देवच जाणे. वायरचा लूप गरम असताना बुडवला तर उलटा प्रकार होतो, जंतूच मरतात. पुढे प्लेटच्या मधोमध एक सरळ रेघ ओढायची आणि लूप न जाळता तिला आडवं दाट स्ट्रीक करायचं. मध्येच जाळलात तर मोजणीला अर्थ राहत नाही.

हे वाचून घाबरू नका. दोन आठवड्यांत हात बसतो. हात न बसल्याने होणारी चूक थोडी असते, गुणाकाराची चूक थेट दहापटीची असते.

त्यानंतर मी इतकी सावध झाले की विरुद्ध टोकाला जाऊन पडले. १ चाच लूप, लाखाच्या खाली सगळं "सिग्निफिकंट ग्रोथ नाही." अशात एका चोवीस वर्षांच्या मुलीचं सॅम्पल आलं. लघवीला आग, वारंवार जावं लागतंय, मायक्रोस्कोपीत पू-पेशी भरपूर. प्लेटवर तीन गुलाबी कॉलनी. म्हणजे ३०००. मी रिपोर्ट लिहून टाकला होता, सही बाकी होती. मॅडमनी फॉर्मवरची लक्षणं वाचली आणि तो कागद बाजूला ठेवला.

त्यांनी मला लाखाचा आकडा आला कुठून ते सांगितलं. एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला केलेल्या कामातून तो आला. प्रश्न होता, मूत्रमार्गातला खरा संसर्ग आणि सॅम्पल घेताना बाहेरून मिसळलेले जंतू वेगळे कसे करायचे, विशेषतः त्रास काहीच नसताना. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लाख हा आकडा चांगला आहे, आणि बाईला लक्षणं नसतील तर तोही दोन सॅम्पलमध्ये सलग दिसावा अशी अपेक्षा असते. पण आग होत असलेल्या तरुण मुलीचा प्रश्न वेगळा. वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की अशा बायकांमध्ये इ. कोलायसारखे जंतू शंभर प्रति मिलि असले तरी त्यांना अर्थ असतो. सतत लघवीला जाणाऱ्या मुलीच्या मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळच कुठे मिळतो? वर पाणीही भरपूर प्यायलेलं असतं.

आणि इथे लूपची मर्यादा कळते. १ च्या प्लेटवर एक कॉलनी म्हणजे हजार. हजाराच्या खालचं तो लूप दाखवूच शकत नाही. समजा लघवीत २०० प्रति मिलि आहेत. १ मायक्रोलिटरमध्ये सरासरी ०.२ जंतू येणार. अशा दहा प्लेट लावल्या तर साधारण आठ कोऱ्या निघतील. तुम्ही "नो ग्रोथ" लिहाल आणि मुलीची आग तशीच राहील. १० च्या लूपमध्ये सरासरी दोन येतील, मग कोरी प्लेट सात-आठ वेळा लावली तर एखादीच. म्हणून आता मी नुसतं "नो ग्रोथ" लिहीत नाही. १ चा लूप असेल तर "हजाराहून कमी" लिहिते, १० चा असेल तर "शंभराहून कमी".

मग सगळ्यांना १० चाच लूप का नाही? कारण लाखाला त्या प्लेटवर हजार कॉलनी येतात, एकमेकींत मिसळतात आणि मोजता येत नाहीत. खाली बघायला १०, वर बघायला १. फॉर्मवर लघवीला आग, ताप, कॅथेटर असं काही लिहिलेलं असेल किंवा सुईने थेट मूत्राशयातून काढलेलं सॅम्पल असेल, तर १० लावा. सुईच्या सॅम्पलमध्ये बाहेरचे जंतू मिसळायची वाट जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे थोडीशी वाढही महत्त्वाची. लक्षणं नसलेल्या तपासणीला १ पुरतो. फॉर्मवर काहीच लिहिलेलं नसेल तर वॉर्डला फोन करा. फोनचा कंटाळा करणाऱ्या सीनियरचं या बाबतीत ऐकू नका.

त्या मुलीचं सॅम्पल आदल्या सकाळपासून फ्रिजमध्ये होतं, चोवीस तास व्हायचे होते, म्हणून ते वापरता आलं. बाहेर टेबलावर राहिलेलं असतं तर नसतं चाललं. दोन तासांच्या वर बाहेर राहिलेल्या लघवीत इ. कोलाय दुपटीने वाढत जातो आणि कुठलाही उंबरठा लावून उपयोग होत नाही. मी १० च्या लूपने प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी ३६ कॉलनी, सगळ्या एकसारख्या. ३६ गुणिले १००, म्हणजे ३६००. आदल्या दिवशीच्या तीन कॉलनींशी जुळलं. तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या कॉलनी असत्या तर मी पुन्हा सॅम्पल मागवलं असतं, पण ही शुद्ध वाढ होती. सेन्सिटिव्हिटी लावली आणि रिपोर्टवर लिहिलं : इ. कोलाय, ३६०० सीएफयू प्रति मिलि, १० मायक्रोलिटर लूप, शुद्ध वाढ, पू-पेशी भरपूर, लक्षणांशी पडताळावे.

मॅडमनी सही केली आणि जुना कागद माझ्याकडून फाडून घेतला.