कव्हर लेटरमधल्या दोन लिंक: या चुका टाळा

कॉलेज नुकतंच संपलंय, ज्युनिअर वेब डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज करायचाय, आणि अनुभव म्हणून दाखवायला कॉलेजात केलेले दोन प्रोजेक्ट आहेत. दोन्ही इंटरनेटवर चढवलेले. अशा उमेदवाराच्या कव्हर लेटरचा सगळा भार त्या दोन लिंकवर असतो. मी इंदूरला विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत आहे आणि नव्या मुलांचे अर्ज आधी माझ्याकडे येतात. पत्र वाचून होताच मी पहिली लिंक उघडतो, आणि बऱ्याच अर्जांची गाडी तिथेच अडते. मुलाला काम येत असतं, कोड बरा असतो, पण माझ्यासमोर पांढरं पान किंवा गोल फिरणारं चक्र असतं.

रामबागेत राहणाऱ्या, ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज उदाहरणासाठी घेतो. पहिला प्रोजेक्ट मेसच्या हिशोबाचा: भंवरकुआ भागात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना डबे देणाऱ्या एका काकूंसाठी तिने आणि दोघा मित्रांनी मिळून केलेला. समोरची पानं रिअ‍ॅक्टमध्ये, व्हर्सेलवर; सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये, रेंडरवर. दुसरा तिने एकटीने केलेला, कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी. पानं नेटलिफायवर, डेटाबेस सुपाबेसवर. दोन्ही प्रोजेक्ट खऱ्या माणसांनी वापरलेले, म्हणजे जमेची बाजू भक्कम. तरी पत्र कुठूनच उत्तर आणत नव्हतं.

“माझ्याकडे तर चालतंय”

मेसचं पान माझ्याकडे उघडलं, पण गिऱ्हाइकांची यादी रिकामी. तिला फोन केला तर म्हणाली, “दादा, माझ्याकडे तर सगळं चालतंय!” ते खरंच होतं. ब्राउझरमध्ये F12 दाबून Network हा भाग उघडला आणि पान पुन्हा लोड केलं, तेव्हा एक ओळ लाल दिसली. तिचा पत्ता होता:

```
http://localhost:5000/api/customers
```

`localhost` म्हणजे ज्या मशीनवर पान उघडलंय तेच मशीन. तिच्या लॅपटॉपवर सर्व्हर दिवसभर चालू असायचा, त्यामुळे व्हर्सेलवरून आलेलं पानसुद्धा तिच्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरशी बोलायचं आणि यादी भरायची. माझ्या मशीनवर तसा सर्व्हरच नाही. ही चूक स्वतःच्या लॅपटॉपवर सहसा दिसत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

उपाय असा की पत्ता कोडमध्ये लिहायचाच नाही. Vite वापरत असाल तर:

```js
const API = import.meta.env.VITE_API_URL;
```

आणि व्हर्सेलच्या सेटिंगमध्ये `VITE_API_URL` या नावाने रेंडरचा `https` ने सुरू होणारा पत्ता भरायचा. इथे पुष्कळ जण आणखी एकदा फसतात. हा पत्ता पान बिल्ड होताना आत छापला जातो, त्यामुळे नुसतं सेटिंग भरून भागत नाही, पुन्हा डिप्लॉय करावं लागतं. त्यानंतर लॅपटॉपवरचा सर्व्हर बंद करा, मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडा. वाचणाऱ्याला जे दिसणार आहे ते हेच.

त्याच मोबाइलवर आतल्या एखाद्या पानावर जाऊन रिफ्रेशही करून बघा. नावनोंदणीच्या साइटवर निकालाचं पान क्लिक करून उघडायचं, रिफ्रेश केलं की ४०४. रिअ‍ॅक्टमधले असे पत्ते ब्राउझरच्या आत तयार होतात, नेटलिफायच्या सर्व्हरवर त्या नावाची फाइल नसते. `public` फोल्डरमध्ये `_redirects` नावाची फाइल ठेवून त्यात एक ओळ लिहिली की काम होतं:

```
/*  /index.html  200
```

पत्रात आतल्या पानाची थेट लिंक देणार असाल तर ही ओळ हवीच.

झोपलेला सर्व्हर

पत्ता दुरुस्त झाल्यावरही मेसची यादी यायला जवळजवळ मिनिट लागत होतं. रेंडरच्या मोफत योजनेत १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही तर सर्व्हर झोपवला जातो, आणि पुढची विनंती आली की तो जागा व्हायला साधारण एक मिनिट घेतो. कारण ठाऊक नसलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाही. साइट बंद आहे असं समजून तो पुढचा अर्ज उघडतो.

यावर मुलं एक तोडगा काढतात: दर दहा मिनिटांनी सर्व्हरला हाक मारणारी सेवा लावायची म्हणजे तो झोपणारच नाही. एका प्रोजेक्टला हे जमून जातं, दोन असतील तर गणित बिघडतं. रेंडर महिन्याला ७५० मोफत तास देतं, आणि ते तुमच्या सगळ्या मोफत सर्व्हरमध्ये मिळून असतात. ३१ दिवसांचे तास होतात ७४४. एक सर्व्हर महिनाभर जागा राहू शकतो. दोन जागे ठेवले तर पंधरवड्यानंतर तास संपतात आणि महिना उलटेपर्यंत दोन्ही बंद. नेमका तेव्हाच कोणीतरी तुमचा अर्ज उघडणार.

माझ्या मते जागं ठेवण्याच्या मागे लागूच नये. पान उघडताक्षणी सर्व्हरला एक साधी विनंती पाठवावी, आणि तो उठेपर्यंत नमुन्याची माहिती दाखवावी, सोबत एक ओळ: “सर्व्हर सुरू होतोय, साधारण मिनिट लागेल.” हीच गोष्ट पत्रातही एका वाक्यात सांगावी. मर्यादा आधीच सांगणारा उमेदवार वाचणाऱ्याला खटकत नाही.

नावनोंदणीचं दुखणं वेगळं निघालं. गणपती उठले आणि साइटकडे कोणी फिरकेना. सुपाबेसच्या मोफत योजनेत आठवडाभर हालचाल नसली की प्रोजेक्ट थांबवला जातो. पान दिमाखात उघडायचं, स्पर्धकांची यादी मात्र येईना. डॅशबोर्डवरून तो परत चालू करता येतो, पण अर्ज पाठवायच्या आधी बघितलं तर ना! रेंडरचा मोफत पोस्टग्रेस डेटाबेस तर तयार केल्यापासून ३० दिवसांतच मुदत संपून बंद होतो. सणापुरत्या वापराच्या प्रोजेक्टसाठी मी तिला जुन्या स्पर्धांचा डेटा JSON फाइलमध्ये काढून साइटमध्येच ठेवायला सांगितलं. निकाल आता डेटाबेसविना दिसतात.

लॉगिनची भिंत

लिंक उघडली आणि समोर फक्त ईमेल-पासवर्डचा फॉर्म आला, तर कोण खातं उघडत बसेल? डेमो खात्याचा ईमेल आणि पासवर्ड पत्रात लिंकच्या खालीच द्या. त्या खात्याला काही पुसून टाकायची मुभा देऊ नका. आणि मेसच्या गिऱ्हाइकांची खरी नावं, खरे मोबाइल नंबर डेमोत अजिबात नकोत. काकूंनी ते हिशोबासाठी दिले होते, अनोळखी कंपन्यांना दाखवायला नाही. तिच्या डेमोत ते तसेच होते. सगळ्यात आधी ते बदलायला लावलं.

व्हर्सेलबद्दल एक लहानशी सूचना. प्रत्येक डिप्लॉयला तिथे वेगळा, लांबलचक पत्ता मिळतो. तो चिकटवला तर वाचणाऱ्याला जुनी आवृत्ती दिसते किंवा व्हर्सेलचं लॉगिन मागितलं जातं. प्रोजेक्टचा कायमचा, छोटा पत्ता द्या, आणि तो पूर्ण अक्षरांत दिसू द्या.

पत्रातला मजकूर

आता खुद्द पत्र. तिच्या पत्रातला प्रोजेक्टचा भाग असा होता (पत्र इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो): “मला वेब डेव्हलपमेंटची मनापासून आवड आहे. मी रिअ‍ॅक्ट, नोड, एक्स्प्रेस आणि मोंगोडीबी वापरून दोन प्रोजेक्ट केले आहेत. लिंक खाली दिल्या आहेत.”

यातली तंत्रांची नावं रेझ्युमेत आहेतच. लिंक उघडल्यावर काय बघायचं, यातलं तिचं काय, हे कुठेच नाही. तिघांचं काम असलेल्या प्रोजेक्टला “मी केला” म्हणणं तर धोक्याचंच, कारण कोड गिटहबवर खुला असेल तर कोणाचे कमिट किती हे कोणालाही दिसतं. उलट नुसतं “आम्ही केला” म्हटलं की तिचा वाटा हरवतो. बरीच चर्चा होऊन मजकूर बदलला.

“मेसचा हिशोब: ५ हजार ओळींच्या वह्या सांभाळणाऱ्या एका मेसचालक काकूंसाठी” असं काहीतरी भारदस्त ती आधी लिहायला निघाली होती. ते काढलं. वह्या कोणी मोजल्या होत्या? राहिलं ते इतकं:

“मेसचा हिशोब तिघांनी मिळून केला. सर्व्हर आणि महिन्याच्या बिलाची आकारणी माझी. पानं आणि लॉगिन सोबत्यांचं. गिऱ्हाईक सुट्टीवर गेलं की तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात. डेमो खात्यात ‘बिल’ पानावर सुट्टीच्या तारखा बदलून पाहा. मोफत सर्व्हर असल्याने पहिल्यांदा साधारण मिनिट लागतं.”

“तारखा बदलून पाहा” हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वाचणारा साइटवर भटकत नाही, तिने लिहिलेल्या भागावरच जातो. शिवाय मुलाखतीतला प्रश्न तिथूनच निघतो. महिन्याचे २,४०० रुपये, सुट्टी ५ दिवसांची. महिना ३१ दिवसांचा असेल तर वजावट किती? ३१ ने भागलं तर दिवसाला ७७ रुपये आणि वर पैसे. काकूंचा रिवाज मात्र प्रत्येक महिना ३० चा धरायचा, म्हणजे दिवसाला ८०, वजा ४००, बिल २,०००. तिने काकूंना विचारून ३० हाच नियम कोडमध्ये घातला होता. हे ती तोंडी पटकन सांगते, पत्रात मात्र एक शब्द नव्हता. एक वाक्य वाढवलं: “दिवसाचा दर मेसच्या रिवाजाप्रमाणे ३० दिवसांवर काढला आहे.”

दुसऱ्या प्रोजेक्टला दोनच वाक्यं दिली: एकटीने केला, कॉलनीच्या गणेशोत्सवात नावनोंदणीसाठी वापरला गेला, आता जुने निकाल पाहता येतात. दोन्ही प्रोजेक्टना सारखी जागा द्यायची गरज नसते. जाहिरातीत सर्व्हरचं काम मागितलं असेल तर मेसचा आधी. पानांचं काम असेल तर क्रम उलटा करून नावनोंदणीबद्दल जास्त लिहायचं.

पत्र पाठवल्यावर एक पथ्य पाळायचं. वाचणारा आज उघडेल की दहा दिवसांनी, सांगता येत नाही, आणि `main` वर ढकललेला प्रत्येक बदल व्हर्सेल आपोआप चढवतं. नवीन काही करायचं तर वेगळ्या ब्रँचवर करा, मोबाइलवर तपासा आणि मगच `main` मध्ये घ्या. सुपाबेसवर काही ठेवलं असेल तर आठवडा भरायच्या आत डॅशबोर्ड उघडून प्रोजेक्ट चालू आहे ना, ते बघत चला.