ताळेबंद जुळला, पण चार लाख कुठे गेले?

अंधेरीच्या ऑफिसातलं माझं पहिलंच मार्चएंड. अमेरिकेतल्या उपकंपनीचा ट्रायल बॅलन्स डॉलरमध्ये आला, मी ईआरपीत डॉलरचे रुपये करणारं ट्रान्सलेशन चालवलं आणि ताळेबंद पैशापैशाला जुळला. खुशीत मॅडमना दाखवायला गेले. त्या म्हणाल्या, "जुळणारच गं. उरलेला फरक सिस्टिम आपसूक एफसीटीआरमध्ये ढकलते. तो फरक बरोबर आहे का, ते सांग."

एफसीटीआर म्हणजे फॉरेन करन्सी ट्रान्सलेशन रिझर्व्ह. इंड एएस २१ या लेखामानकाप्रमाणे मालमत्ता आणि देणी क्लोजिंग रेटने, म्हणजे वर्षअखेरच्या दराने, रुपयात येतात. उत्पन्न-खर्च व्यवहाराच्या दिवशीच्या रेटने, पण दर फार हलला नसेल तर सरासरीही चालते. भागभांडवल मात्र पैसे गुंतवले त्या दिवशीच्या जुन्या रेटलाच ठेवतात. तीन वेगळे दर लावल्यावर दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीतच. तो फरक नफा-तोट्यात न जाता ओसीआय, म्हणजे इतर सर्वसमावेशक उत्पन्न, यामार्गे या रिझर्व्हमध्ये जातो.

आमचे आकडे सोपे होते. कंपनी याच वर्षी सुरू झाली, भांडवल १ लाख डॉलर, तेव्हा दर ८० रुपये. वर्षाचा नफा २० हजार डॉलर, सरासरी दर ८२, वर्षअखेरीस ८४. निव्वळ मालमत्ता १.२० लाख डॉलर, म्हणजे ८४ ने १,००,८०,००० रुपये. समोर भांडवल ८० लाख आणि नफा १६.४० लाख, एकूण ९६.४० लाख. फरक ४.४० लाख.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही यायला हवा. भांडवलावर दर ४ रुपयांनी वाढला, त्याचे ४ लाख. नफ्यावर २ रुपयांनी, त्याचे ४० हजार. माझ्या सिस्टिममध्ये मात्र एफसीटीआर नुसता ४० हजार दिसत होता.

घोळ खात्याच्या सेटिंगमध्ये होता. भागभांडवलाचं खातं नवीन उघडताना मी रेट टाइप बदललाच नव्हता, क्लोजिंगच राहिला. त्यामुळे भांडवल ८४ लाख झालं आणि ताळेबंद तरीही जुळला! एरवी हे एलिमिनेशनच्या वेळी, म्हणजे मूळ कंपनीची गुंतवणूक आणि उपकंपनीचं भांडवल एकमेकांविरुद्ध वजा करताना, उघडं पडलं असतं, कारण मूळ कंपनीच्या पुस्तकात गुंतवणूक ८० लाखच होती आणि ४ लाख लोंबकळत राहिले असते. पण तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि माणूस तो फरक कुठल्यातरी खात्यात सारून शेवटची लोकल गाठतो.

रेट टाइप बदलला, रन पुन्हा चालवला, ४.४० लाख आले.

दुसऱ्या वर्षी असाच सापळा राखीव नफ्यात असतो. मागचे १६.४० लाख रुपये तसेच्या तसे पुढे न्यायचे. २० हजार डॉलरला नव्या दराने पुन्हा गुणलं, की एफसीटीआर परत चुकला.