हातच्याची बेरीज: गठ्ठा मुलालाच बांधू द्या

दुसरीच्या वर्गात २७ + १५ हे उदाहरण काड्यांनी करताना आधी दोन गठ्ठे व सात सुट्या, त्याखाली एक गठ्ठा व पाच सुट्या मांडून घ्याव्यात. सुट्या एकत्र केल्यावर बारा होतात. त्यांतील दहा मोजून त्यांना रबर लावण्याचे काम मुलानेच करावे आणि तो नवा गठ्ठा दशकाच्या घरात सरकवताच, त्याच क्षणी, वहीत दशकाच्या डोक्यावर हातचा १ लिहावा. कृती आणि लेखन यांत अंतर पडले, की चुका सुरू होतात.

उत्तर ३१२ आले, तर मुलाने बारा जसेच्या तसे एककाखाली लिहिले आहेत. ३२ आले, तर हातचा मिळवायचा राहिला. ५१ आले, तर १ खाली लिहून २ हातचा धरला आहे. ही चूक सहज नजरेतून निसटते, कारण उत्तर संभाव्य वाटते. अशा वेळी उत्तर खोडू नये, तर ‘सुट्या किती उरल्या?’ एवढेच विचारावे. उत्तर बरोबर येऊनही मूल गठ्ठे सोडून एकेक काडी मोजत असेल, तर त्याला अजून उभी मांडणी देऊ नये.