चॅनेलवर आलेला माणूस सबस्क्राइब न करता का जातो? या चुका टाळा

सांगलीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे माझे काका यूट्यूबवर चॅनेल चालवतात. व्हिडिओ चांगले असतात. टाका का सुटतो, दोरा का तुटतो, पट्टा का घसरतो, हे हात दाखवत सांगतात. खाली लोक मनापासून आभार मानतात. तरी ते मला म्हणाले, "अगं, माणसं व्हिडिओ बघतात, चॅनेल उघडून बघतात आणि निघून जातात. असं का?"

मी माझ्या फोनवर चॅनेल उघडलं आणि उत्तर पहिल्या स्क्रीनवरच सापडलं. चॅनेलच्या पानावर येणारा माणूस बहुधा एखादा व्हिडिओ बघूनच आलेला असतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: इथे मला लागणारं अजून काही आहे का? फोनवर त्याला क्रमाने बॅनरची पट्टी, फोटो, नाव, @ ने सुरू होणारं हँडल, सबस्क्राइबरचा आकडा आणि वर्णनाची जेमतेम पहिली ओळ दिसते, मग सबस्क्राइबचं बटण. काकांच्या पानावर यातल्या एकाही गोष्टीत शिलाई मशीन हा शब्द धड दिसत नव्हता.

बॅनर: फ्लेक्ससारखा बनवू नका

काकांनी बॅनर दुकानाचे फ्लेक्स करणाऱ्याकडूनच करून घेतला होता. डावीकडे काकांचा फोटो, उजवीकडे मशीन, वर गणपती, खाली फोन नंबर, मध्ये दोन ओळी. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तेव्हा छान दिसला. फोनवर मात्र काकांचा अर्धा खांदा आणि "लाई मशीन दुरु" एवढंच उरलं होतं.

याचं कारण असं की यूट्यूब एकच चित्र तीन ठिकाणी तीन प्रकारे कापतं. टीव्हीवर जवळपास पूर्ण चित्र दिसतं, कॉम्प्युटरवर रुंद पण बारीक पट्टी, आणि फोनवर त्या पट्टीचाही फक्त मधला भाग. चित्र कमीत कमी 2048 × 1152 पिक्सेलचं लागतं, आणि त्यातला मधला 1235 × 338 पिक्सेलचा तुकडा सगळीकडे हमखास दिसतो. म्हणजे रुंदीचा सुमारे साठ टक्के आणि उंचीचा तीस टक्क्यांहूनही कमी भाग. अक्षरं आणि चेहरा याच चौकटीत बसायला हवेत. बाहेर कापडाचा पोत, रंग, मशीनचं चाक असं काहीही चालेल, कारण ते कापलं गेलं तरी बिघडत नाही.

चौकट एवढीच असल्यामुळे एकच ओळ नीट मावते. आम्ही फोटो काढून टाकला, कारण तो शेजारच्या गोलात असतोच. फोन नंबरही काढला. ओळ ठेवली: "टाका सुटतो? दोरा तुटतो? घरीच दुरुस्त करा." आधी तिथे "दर शुक्रवारी नवीन व्हिडिओ" असंही होतं, आणि शेवटचा व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वीचा. असं वचन पाळता येत नसेल तर लिहूच नये. नवा माणूस खालच्या तारखा बघतो, आणि चॅनेल बंद पडलंय असं त्याला वाटतं.

हँडल

हँडल पाहून कुणी सबस्क्राइब करत नाही, हे मान्य. पण वाईट हँडलमुळे शंका नक्की येते. काकांनी स्वतः हँडल निवडलंच नव्हतं, त्यामुळे यूट्यूबने दिलेलं `@user-` पासून सुरू होणारं अक्षरा-आकड्यांचं कडबोळं तसंच राहिलं होतं. कमेंटमध्ये नावाऐवजी हँडल दिसतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. काका रोज संध्याकाळी बसून लोकांच्या अडचणींना उत्तरं द्यायचे आणि ती सगळी उत्तरं कुणा `@user-` च्या नावाने दिसायची.

मराठी चॅनेलसाठी हँडल देवनागरीत घ्यावं का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. चॅनेलचं नाव देवनागरीतच ठेवावं, शोधणारे तसंच शोधतात. हँडल मात्र मी रोमन अक्षरांत सुचवते. देवनागरी हँडलची लिंक ब्राउझरमधून कॉपी केली की बहुतेक वेळा `%E0%A4` अशी लांबलचक माळ होते आणि व्हॉट्सअॅपवर ती बघून माणूस लिंक उघडायला बिचकतो.

रोमनमध्येही एक खाच आहे. "शिलाई" कुणी shilai लिहितं, कुणी हिंदीच्या सवयीने silai. "दुरुस्ती"ची तर चार स्पेलिंगं होतात. त्यामुळे फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला चूक न करता टाइप करता येईल असे शब्द निवडावेत. मी काकांना दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांसमोर हँडल तोंडी म्हणायला लावलं आणि त्यांना आपापल्या फोनवर टाइप करायला सांगितलं. पहिली दोन हँडलं त्यातच बाद झाली.

बदलताना सांभाळायचं एवढंच की हँडल चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं. जुनं हँडल चौदा दिवस आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं, तोवर जुनी लिंकही चालते. त्यानंतर ते दुसरं कुणीही घेऊ शकतं. म्हणून दुकानाची पाटी आणि व्हिजिटिंग कार्डं रंगवण्याआधी हँडल पक्कं करा.

वर्णनाची पहिली ओळ

काकांच्या वर्णनाची सुरुवात होती: "नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपले सहर्ष स्वागत आहे." दिसणारी ओळ तिथेच संपत होती. वर्णनाला हजार अक्षरांची जागा मिळते, पण "more" दाबून पुढचं वाचणारे थोडेच. त्या पहिल्या ओळीत विषय, कुणासाठी, आणि कोण सांगतंय, एवढं आलं पाहिजे. आता तिथे आहे: "घरच्या काळ्या शिलाई मशीनची दुरुस्ती, मराठीत, सांगलीतल्या कारागिराकडून."

आत तर आणखी मोठी चूक होती. कुठूनतरी उचललेला "Copyright Disclaimer Under Section 107" हा इंग्रजी परिच्छेद काकांनी जसाच्या तसा चिकटवला होता. असंख्य मराठी-हिंदी चॅनेलवर तो दिसतो. दुसऱ्याचा मजकूर काही प्रसंगी वापरायची सवलत देणारं ते कलम अमेरिकेच्या 1976 च्या कॉपीराइट कायद्याचं आहे. भारतात कायदा 1957 चा आणि अशा सवलती कलम 52 मध्ये. तो परिच्छेद लिहिल्याने कुठलंही संरक्षण मिळत नाही. उलट स्वतःच्या हाताने मशीन उघडून दाखवणाऱ्या माणसाच्या पानावर तो वाचला की हे व्हिडिओ दुसऱ्याचे असावेत असं वाटतं. तो काढला, हॅशटॅगची रांग काढली, आणि त्या जागी कोणत्या प्रकारच्या मशीन दाखवतो आणि कोणत्या नाही, ते लिहिलं.

ट्रेलर: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

यूट्यूब स्टुडिओत "Customization" मध्ये "Home tab" वर दोन वेगळ्या जागा असतात. एक सबस्क्राइब न केलेल्यांसाठीचा ट्रेलर, दुसरी परत येणाऱ्या सबस्क्राइबरसाठीचा खास व्हिडिओ. काकांच्या या जागा उलट्या भरलेल्या होत्या. ओळख करून देणारा व्हिडिओ जुन्या लोकांना दिसायचा आणि नव्या माणसाला दिवाळीच्या शुभेच्छा. हे दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरातल्या सगळ्यांच्या फोनवर चॅनेल सबस्क्राइब केलेलं. ज्याने सबस्क्राइब केलंय त्याला ट्रेलर दिसतच नाही. म्हणून तपासताना ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा किंवा ज्याने सबस्क्राइब केलेलं नाही अशा शेजाऱ्याचा फोन घ्या.

त्या शुभेच्छांच्या व्हिडिओमागे सिनेमातलं गाणं होतं. ट्रेलरला एरवी जाहिरात लागत नाही, पण त्यात दुसऱ्याने हक्क सांगितलेला मजकूर असेल तर लागू शकते. दारात आलेल्या माणसाला आधी साबणाची जाहिरात दाखवण्यासारखं आहे ते.

जुना ओळखीचा व्हिडिओही मी लावू दिला नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता आणि पहिलं मिनिट काकांचा प्रवास सांगण्यात जायचं. ज्याच्या मशीनखाली आत्ता दोऱ्याचा गुंता झालाय, त्याला काका कुठल्या साली या धंद्यात आले याच्याशी कर्तव्य नसतं. ते त्याला पुढे कधीतरी, चार व्हिडिओ पाहिल्यावर, जाणून घ्यावंसं वाटेल.

नवा ट्रेलर अठ्ठेचाळीस सेकंदांचा केला. नमस्कार नाही, लोगोचं फिरणं नाही. पहिल्या फ्रेममध्ये उलटं धरलेलं कापड आणि त्याखाली झालेला दोऱ्याचा गुंता, अगदी जवळून. काकांचा आवाज: "खाली असा गुंता होतोय? बॉबिनला हात लावू नका. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो." मग ते मशीनचा कापड दाबून धरणारा पाय वर उचलतात, दोरा काढून पुन्हा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये ओवतात आणि सांगतात की पाय खाली असला तर चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा आत बसतच नाही. मग स्वच्छ टाका. इथवर वीस सेकंद होतात आणि बघणाऱ्याच्या पदरात एक खरी युक्ती पडलेली असते.

पुढच्या वीस सेकंदांत सुई मोडणे, पट्टा घसरणे आणि तेल कुठे घालायचं, यांचे जुन्या व्हिडिओंतले तुकडे. शेवटी काका समोर येऊन म्हणतात, "पायाची असो की मोटरची, काळ्या मशीनचं सगळं इथे आहे. ओव्हरलॉक मी दाखवत नाही. पुढची अडचण आली की शोधावं लागू नये म्हणून सबस्क्राइब करून ठेवा." ओव्हरलॉकचं वाक्य काकांना नको होतं, गिऱ्हाईक जाईल असं वाटलं. मी आग्रहाने ठेवलं. चुकीच्या अपेक्षेने आलेला माणूस पुढचे व्हिडिओ उघडणार नाही, आणि ज्याच्याकडे काळी मशीन आहे त्याला आपण योग्य जागी आल्याची खात्री पटते.

फरक पडला की नाही, कसं ओळखायचं

एकूण सबस्क्राइबर पाहून काही कळत नाही, कारण बरेच जण व्हिडिओखालच्याच बटणावरून सबस्क्राइब करतात. स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये "Advanced mode" उघडून "Subscription source" निवडा. चॅनेलच्या पानावरून किती आले ते तिथे वेगळं दिसतं. बदलाआधीचे अठ्ठावीस दिवस आणि नंतरचे अठ्ठावीस दिवस समोरासमोर ठेवा. मध्येच एखादा व्हिडिओ खूप चालला असेल तर ती तुलना सोडून द्या.

ट्रेलरचा स्वतःचा आलेख वेगळा बघा. कोणत्या सेकंदाला किती टक्के लोक टिकलेत ते त्याच्या रेषेवरून कळतं. रेषा पहिल्या पाच सेकंदांतच कोसळत असेल तर सुरुवातीची फ्रेम बदला. रेषा शेवटपर्यंत बरी असेल आणि तरी कुणी सबस्क्राइब करत नसेल, तर ट्रेलर पुन्हा शूट करायला बसू नका, पानावर ट्रेलरच्या खाली काय आहे ते बघा. काकांच्या ट्रेलरखाली पहिल्या ओळीत नातवाच्या वाढदिवसाचे तीन व्हिडिओ होते. ते दुसऱ्या चॅनेलवर नव्याने अपलोड करून इथून काढले आणि त्या जागी "टाका सुटणे" ही प्लेलिस्ट लावली.