धाव संपली की लगेच बसू नका : कूल-डाऊन कसे करावे, आणि त्याने अंगदुखी कमी होते का?

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर १६०० मीटर जीव तोडून पळतात आणि धाव संपली की पुलाच्या कठड्यावर धपकन बसतात. एखाद्याला घेरी येते. "उपाशी होता" म्हणून विषय संपतो, पण अनेकदा गडबड पायांत असते.

पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात आणि पोटऱ्या दर पावलाला आवळून रक्त वर ढकलतात. एकदम थांबलं की ढकलणं बंद होतं, वाहिन्या मात्र फुललेल्याच राहतात. रक्त खाली साचतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वैशाखात कातडीतल्या वाहिन्याही फुलतात, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात हे जास्त. म्हणून जोडीदाराला आधीच सांगून ठेवा : "बसू नको बावा, चालत राय!"

कूल-डाऊन म्हणजे एवढंच : धाव संपली की आधी दोनेक मिनिटं अगदी हळू धावा, मग पाच-सात मिनिटं चाला. न अडखळता पूर्ण वाक्य बोलता आलं की पुरे. तरीही गरगरलं तर सावलीत आडवं व्हा आणि पाय उंच ठेवा.

नाडी मोजायची असेल तर धाव संपताच मनगटावर बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजा आणि सहाने गुणा. समजा ३१ आले, म्हणजे मिनिटाला १८६. चालत राहून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. २६ आले तर १५६, म्हणजे ३० ची घट. मोजण्यात एका ठोक्याची चूक झाली तरी उत्तर सहाने हलतं, म्हणून एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. मात्र जीव तोडून पळूनही पहिल्या मिनिटातली घट वारंवार १२ किंवा त्याहून कमी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक : आडवं पडल्यावर नाडी चालण्यापेक्षा लवकर उतरते. म्हणून झोपून आणि चालून घेतलेल्या आकड्यांची तुलना करू नका. कूल-डाऊन आकडा झपाट्याने उतरवण्यासाठी नसून रक्त फिरतं ठेवण्यासाठी आहे.

अंगदुखीचं मात्र वेगळं आहे. चालल्याने लॅक्टिक ॲसिड लवकर ओसरतं हे खरं, पण ते तसंही तास-दीड तासात ओसरतं, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. ते येतं स्नायूंना झालेल्या बारीक इजेतून, विशेषतः उतारावर पळताना किंवा बैठकीत खाली जाताना, जेव्हा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. झालेली इजा चालून पुसली जात नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वॉर्म-अपने दुखणं थोडं कमी झालं, कूल-डाऊनने नाही. ताण देण्याच्या व्यायामाचा फरकही नगण्यच.

दुखणं कमी हवं असेल तर नव्या बैठका पहिल्या दिवशी थोड्याच मारा आणि आठवड्याने वाढवा, कारण एकदा सोसलेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र घरी न थांबता दवाखाना गाठा.